शिक्षण घरपोच, परीक्षा मात्र घाट उतरून पलीकडे

पोस्ट लांब आहे, पण वाचा. ज्यांच्या घरात कोणी बाहेरून बीए-बीकॉम करतंय त्यांनी तर नक्की वाचा.

वावर-वांगणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना अजून १९९२-९३ चे बालमृत्यूच आठवतात. त्यानंतर इथे बरंच काही आलं. रस्ता आला, आश्रमशाळा झाल्या, टॉवर आला (रेंज कधी येते, कधी नाही). आणि अलीकडे आणखी एक गोष्ट पाड्यापाड्यावर पोचली, ती म्हणजे "बाहेरून डिग्री". इग्नू, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण. बारावी झालेली पोरं-पोरी मोबाईलवर प्रवेश घेतात आणि पुस्तकं पोस्टाने किंवा पीडीएफने घरी येतात. इथपर्यंत सगळं छान आहे.

मग परीक्षा येते. दूरशिक्षणात वर्षभर कोणी तुम्हाला वर्गात बोलवत नाही. सक्तीने एका ठराविक जागी, ठराविक वेळेला हजर राहायचं ते मुख्यतः लेखी परीक्षेलाच. म्हणजे कॉलेजचं जे अंतर तुम्ही आमच्यासाठी कमी केलंत, ते सगळं परीक्षेच्या दिवसांत परत वसूल करता. शिक्षण घरपोच दिलंत, परीक्षा मात्र किनाऱ्याकडे ठेवलीत.

एक केस सांगतो. बाईंचं नाव सांगत नाही आणि विद्यापीठाचंही सांगत नाही, कारण खोट एका विद्यापीठाची नाही, पद्धतीची आहे.

आमच्या शेजारच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका. बारावी आश्रमशाळेत झाली, पुढे लग्न, आता पदरात सव्वा वर्षाचं मूल. पदवी झाली तर मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येईल, म्हणून बाहेरून बीए लावलं. परीक्षा जूनची. फॉर्म मार्चअखेरीस सुरू झाला. हे तिला कोणी सांगितलं? कोणी नाही. रेग्युलर कॉलेजात नोटीस बोर्डावर लागते, वर्गात शिपाई येऊन सांगतो, राहिलंच तर क्लार्क फोन करतो. दूरशिक्षणात सूचना वेबसाइटवर टाकली की ती सगळ्यांनी वाचली असं धरतात. तिला कळलं ते मैत्रिणीच्या स्टेटसवरून.

फॉर्म भरायला ओटीपी लागतो. प्रवेशाच्या वेळी नंबर दिलेला नवऱ्याचा, कारण तेव्हा घरात फोनच एक होता. आणि मार्चमध्ये नवरा कुठे? भिवंडीकडे वीटभट्टीवर. भाताची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळी झाली की आपली अर्धी माणसं बाहेर पडतात. होळीला चार दिवस येतात, परत जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर घरी येतात. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त परीक्षा विभागाला माहीत नाही. तर ओटीपी जायचा भिवंडीला. तो मालकाची नजर चुकवून फोन बघणार, इकडे फोन करून आकडा सांगणार, आणि इकडे सायबरवाल्याच्या स्क्रीनवर तोवर वेळ संपलेली. असं तीनदा झालं, चौथ्यांदा जमलं.

मग आला केंद्र निवडायचा रकाना. यादी उघडली. त्यात जव्हार नाही, मोखाडा नाही. तिने पालघर निवडलं, जिल्ह्याचं ठिकाण म्हणून. पाच पेपर, पेपरला २०० रुपये, एकूण १००० रुपये भरले.

हॉलतिकीट आलं परीक्षेच्या चार दिवस आधी. त्यावर केंद्र पालघर नव्हतंच. रेल्वेच्या पट्ट्यातलं दुसरंच शहर होतं. पालघरला उतरून पुढे लोकल, मग रिक्षा. चौकशी केली तर उत्तर आलं, "केंद्राची पसंती देता येते, ते मिळेलच असं नाही, अंतिम अधिकार विद्यापीठाचा." आणि हे खरंच आहे. फॉर्मच्या सूचनांमध्ये असं लिहिलेलं असतं, वाचून बघा. एखाद्या केंद्रावर जागेपेक्षा फॉर्म जास्त झाले की उरलेल्यांना दुसरीकडे हलवतात. एखाद्या केंद्रावर फारच कमी झाले की ते केंद्रच बंद करून शेजारच्यात मिसळतात. शहरातल्या पोराला त्याने काय फरक पडतो? दोन स्टेशनं पुढे जायचं. आपल्याला पडतो तो एका दिवसाचा आणि एका मुक्कामाचा फरक.

आता वेळापत्रक बघा, कारण रेग्युलर आणि दूरशिक्षण यांच्यातला खरा फरक तिथे आहे.

जव्हारच्या कॉलेजात रेग्युलर शिकणाऱ्या पोराची परीक्षा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि मग एप्रिल-मे मध्ये. पेपर लागोपाठ, फार तर एखादा दिवस मध्ये सोडून. दीड-दोन आठवड्यांत मोकळा. बहुतेक परीक्षा स्वतःच्याच कॉलेजात, ओळखीच्या बाकावर. वसतिगृहात असेल तर चालत जातो.

दूरशिक्षणात विद्यापीठाला शेकडो विषयांची परीक्षा एकाच वेळापत्रकात बसवायची असते. इग्नूचं उदाहरण घ्या. त्यांच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा, आणि एकेक सत्र महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतं. सकाळी एक पाळी, दुपारी एक. त्या महिन्याभरात तुमचे चार-पाच पेपर इकडेतिकडे विखुरलेले. मागचा एखादा विषय राहिला असेल तर कधी दोन पेपर एकाच दिवशी, एकाच पाळीत येतात. तेव्हा एक सोडून द्यायचा, दुसरा काही उपाय नाही. विद्यापीठाच्या बाजूने बघितलं तर हे वेळापत्रक समजण्यासारखं आहे. देशभराचे विषय आहेत, जुळवायचे कसे? पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

या बाईंचे पेपर होते ५, ११, १२, २० आणि २७ जूनला, सगळे सकाळी दहाचे. पाड्यावरची मुक्कामी गाडी सकाळी निघते, जव्हारला पोचून पुढची गाडी धरेपर्यंत आठ वाजतात. दहाला पोचणं शक्यच नाही. म्हणजे प्रत्येक वेळी आदल्या दिवशी निघायचं आणि तिकडे नातेवाइकांच्या चाळीत राहायचं. मूल अंगावरचं, म्हणून नवरा बरोबर. पेपरला तीन तास ती आत, आणि तो बाहेर झाडाखाली पोरगं घेऊन. पाऊस आला की गेटच्या छपराखाली.

हिशोब तिनेच वहीत मांडून ठेवलाय, तो सांगतो. तिचं एसटीचं तिकीट अर्धं, सरकारची सवलत आहे, ती चांगली गोष्ट. जीप, एसटी, लोकल, रिक्षा मिळून तिचे जायचे १४०, यायचे १४०. नवऱ्याला अर्धं तिकीट नाही, त्याचे २०५ आणि २०५. दोघांचे मिळून एका फेरीचे ६९० रुपये. ११ आणि १२ चे पेपर एकाच मुक्कामात झाले, म्हणून फेऱ्या चार. प्रवासाचे २७६० रुपये. घराबाहेरचे दिवस नऊ. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये, त्याने नवऱ्याची बुडालेली मजुरी २८०८. जेवण, नातेवाइकांकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून नेलेलं काही, हे धरलेलंच नाही. तरी झाले ५५६८ रुपये. परीक्षा फी १०००. म्हणजे फीच्या साडेपाच पट पैसा फक्त केंद्रापर्यंत पोचायला गेला. आणि हे एका सत्राचं. पदवीला अशी किती सत्रं, मोजा.

आणि जून महिना! राब भाजून झालाय, पहिला पाऊस पडलाय, भात पेरायचंय, आवण तयार करायचंय. वर्षभराचं पोट ज्या पंधरा दिवसांवर अवलंबून, तेच पंधरा दिवस परीक्षेचे. बरं, जून नको म्हणून डिसेंबर घ्यावा, तर डिसेंबरात माणूस भट्टीवर. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा भात कापणीला आलेलं. रेग्युलर पोरांची सुट्टी आणि आपली शेती निदान थोडी तरी जुळते. दूरशिक्षणाचं पंचांग मात्र नोकरदार माणसासाठी बनवलेलं आहे. त्याला रजा टाकता येते. भाताला रजा टाकता येत नाही.

त्या बाईंनी पाचपैकी चार पेपर दिले. २० तारखेला विक्रमगडच्या पुढे गाडी बंद पडली म्हणून नव्हे, तर मुलाला ताप आला म्हणून गेल्या नाहीत. आता तो एक विषय पुढच्या सत्रात, परत २०० रुपये, परत फेरी. सुशिक्षित लोक याला "ड्रॉपआउट" म्हणतात. आम्ही म्हणतो, गाडीभाडं संपलं.

आता मुद्द्यावर येतो. जव्हार-मोखाड्याला केंद्र का नाही?

मी स्वतः एका विद्यापीठाकडे लेखी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं: सदर ठिकाणी पुरेशी विद्यार्थी संख्या नाही. मला हसावं की रडावं कळेना. संख्या मोजली कशी? फॉर्ममध्ये ते केंद्र किती जणांनी निवडलं त्यावरून. आणि यादीत जव्हार नाहीच तर जव्हार निवडणार कोण? आम्ही सगळे पालघर, वसई, ठाणे, नाशिक असं काहीतरी टिकमार्क करतो आणि आमची संख्या त्या शहरांच्या खात्यावर जमा होते. आमच्याच पोरांच्या जोरावर शहरातलं केंद्र भरतं, इतकं भरतं की मग आमच्याच पोरांना तिथून हलवतात! यादीत नाव नाही म्हणून संख्या नाही, संख्या नाही म्हणून यादीत नाव नाही. हे चक्र फॉर्म भरून कधीच तुटणार नाही, कितीही वर्षं भरा.

ते तोडायची जागा दुसरी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रवेश घेताना घरचा पत्ता दिलाय. त्यात पिनकोड आहे. जव्हार ४०१६०३, मोखाडा ४०१६०४. विद्यापीठाच्या संगणकाला विचारा, या दोन पिनकोडवर चालू नोंदणी किती? दोन मिनिटांचं काम. माणसं कुठे राहतात ते मोजा, नाइलाजाने कुठे जातात ते मोजू नका.

आणि ही काही माझ्या मनातली मागणी नाही. युजीसीचे २०२० चे मुक्त व दूरशिक्षणाचे विनियम आहेत. परीक्षा केंद्रांची संख्या त्या भागातल्या विद्यार्थी नोंदणीच्या प्रमाणात असावी आणि केंद्र बस स्टँड किंवा रेल्वे स्टेशनपासून सोयीचं असावं, असं त्यात म्हटलंय. नोंदणीच्या प्रमाणात, बरं का. केंद्र निवडणाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात नाही. सरकारी शाळांच्या इमारतीही केंद्र म्हणून वापरायची मुभा त्यात आहे.

यावर तीन आक्षेप येतात, तिन्ही ऐकलेत.

पहिला, "ग्रामीण भागात केंद्र दिलं की कॉपी चालते." दहावी-बारावीची बोर्डाची केंद्रं आपल्या तालुक्यांत आहेत की नाहीत? बैठं पथक, भरारी पथक तिथे येतं की नाही? बोर्डाला जो विश्वास टाकता येतो तो विद्यापीठाला का नाही? आणि कॉपी शहरात होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पेपर जरूर वाचावेत. कॉपी रोखायची तर सीसीटीव्ही लावा, बाहेरचा केंद्र निरीक्षक पाठवा. एक निरीक्षक डोंगर चढून येऊ शकत नाही, पण अंगावरचं पोर घेऊन बाई डोंगर उतरू शकते, हे कसलं गणित?

दुसरा, "प्रश्नपत्रिका सुरक्षित पोचवायच्या कशा?" फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या पोचतात तशाच. शिवाय मुंबई विद्यापीठ रेग्युलर परीक्षांच्या प्रश्नपत्रिका कित्येक वर्षं ऑनलाइन पाठवतं, कॉलेजात ऐन वेळी प्रिंट काढून वाटतात. ज्या इमारतीत रेग्युलर पोराचा पेपर सुरक्षित असतो, त्याच इमारतीत बाहेरून शिकणाऱ्याचा पेपर असुरक्षित कसा होतो, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तिसरा आक्षेप सगळ्यात लागणारा. "तुम्हाला कोणी सांगितलं बाहेरून करायला? रेग्युलर करा की." भाऊ, मूल सांभाळून, अंगणवाडी चालवून, भट्टीवरून येऊन रेग्युलर करता आलं असतं तर केलं नसतं का? ज्याला कॉलेज परवडत नाही त्याच्यासाठीच तर मुक्त विद्यापीठं काढली ना? इग्नू १९८५ चं, आपलं नाशिकचं १९८९ चं. दोन्ही काढताना हेतू हाच होता. मग ज्याच्यासाठी काढलं तोच जर परीक्षेला पोचत नसेल, तर मुक्त कशाला म्हणायचं?

एक गोष्ट आपल्याच लोकांनाही सांगायची आहे, राग मानू नका. बरीच चूक सायबरवर होते आणि आपण बघत नाही. सायबरवाला घाईत असतो, केंद्राच्या यादीत जे पहिलं दिसेल ते टाकून मोकळा होतो. फॉर्म सबमिट करायच्या आधी स्क्रीन स्वतःकडे फिरवून घ्या आणि चार गोष्टी स्वतः वाचा: नोंदणी क्रमांक, विषयांचे कोड, केंद्राचं नाव, मोबाईल नंबर. पैसे कापले म्हणजे फॉर्म गेला असं नसतं. फॉर्मचा क्रमांक असलेली पावती निघाली तरच फॉर्म गेला. ती नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी परत तपासा, मुदत संपेपर्यंत थांबू नका, नाहीतर इग्नूसारख्या ठिकाणी ११०० रुपये विलंब शुल्क बसतं. आणि मोखाडा-खोडाळ्याकडच्यांनो, आपल्याला पालघरपेक्षा त्र्यंबक-नाशिक जवळ. जिल्हा पालघर म्हणून केंद्र तिकडचंच घ्यायचं असं डोक्यात धरू नका. फॉर्ममध्ये नाशिककडचं केंद्र निवडता येत असेल तर ते निवडा.

पण हे झालं तात्पुरतं. मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही होण्यासारख्या आहेत.

एक, पिनकोडनुसार नोंदणी जाहीर करा आणि त्या आकड्यावर जव्हारला केंद्र द्या. एका विद्यापीठाची संख्या अपुरी पडत असेल तर तिन्ही विद्यापीठांनी मिळून एकच इमारत वापरावी. दोन, हॉलतिकीट निदान पंधरा दिवस आधी द्या आणि त्यानंतर केंद्र बदलून मागायला तीन-चार दिवस ठेवा. तीन, केंद्र होईपर्यंत जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने एवढं करावं: सुट्टीत जी वसतिगृहं रिकामी असतात, त्यात परीक्षार्थींना हॉलतिकीट बघून एक रात्र राहू द्यावं. खर्च नाही, फक्त कुलूप उघडायचंय.

बोलून भागणार नाही, कागद लागेल. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. प्रश्न एवढाच लिहा: "पिनकोड ४०१६०३ व ४०१६०४ या पत्त्यांवर आपल्या विद्यापीठात चालू वर्षी किती विद्यार्थी नोंदलेले आहेत, त्यांपैकी किती जणांनी मागच्या दोन परीक्षांचे फॉर्म भरले व किती प्रत्यक्ष हजर राहिले?" हा तिसरा आकडाच सगळं बोलून जाईल. फॉर्म भरून हजर न राहिलेली पोरं म्हणजे आळशी पोरं नव्हेत. त्यांची गाडी चुकलेली आहे.

मी माझा अर्ज या आठवड्यात टाकतोय, उत्तर आलं की इथेच फोटो टाकेन. तुम्ही बाहेरून शिकत असाल तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: गाव, मिळालेलं केंद्र आणि पेपरच्या आदल्या रात्री कुठे झोपलात. विद्यापीठ आम्हाला मोजत नसेल तर आपणच आपल्याला मोजू.

त्या बाईंचा पाचवा पेपर अजून बाकी आहे. केंद्र कुठलं येईल ते तिला माहीत नाही. ती म्हणते, "दादा, आता पोरगं चालायला लागलंय, या वेळी थोडं सोपं जाईल."

सोपं तिने करायचं नाही. ज्यांनी अवघड केलंय त्यांनी करायचं.

जोहार. शेअर करा.